बसलेल्या माणसाचा रेनकोट

कोकणात आणि मावळात भाताची लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर पूर्वी इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यात गच्च बसवलेली पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत उतरणारा त्याचा बाक. आता पानांच्या जागी प्लास्टिक आलं, पण आकार तोच राहिला, कारण तो वाकून काम करणाऱ्या शरीरासाठी ठरलेला आहे. ओणवं असताना पाठ हे छप्पर होतं आणि इरलं ते छप्पर झाकतं. तेच इरलं डोक्यावर घेऊन ताठ उभं राहिलं, तर पुढून माणूस चिंब भिजतो. पाऊस अडवायचा तर आधी शरीर कोणत्या स्थितीत आहे ते पाहावं लागतं, हे त्या इरल्याच्या कारागिराला पक्कं माहीत होतं.

आपल्या बाजारातला रेनकोट मात्र उभ्या माणसासाठी बेतलेला असतो. फार तर दुचाकीवर बसणाऱ्यासाठी. व्हीलचेअरवर बसून रोज घराबाहेर पडणाऱ्या माणसाने तो घातला, की त्याची कापणी सगळीकडून चुकते. पाठीचा भाग बुडाखाली किंवा पाठीमागे गोळा होतो. पुढचा भाग मांड्यांवर अडकून वर सरकतो आणि गुडघ्यापासून खाली पाय उघडे पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे छातीवरून ओघळलेलं पाणी मांडीत येऊन थांबतं. उभ्या माणसाच्या अंगावर पाणी थांबायला जागाच नसते. बसलेल्या माणसाची मांडी ही हातभर लांबीची आडवी जागा आहे. शिवाय बहुतेक व्हीलचेअरची बैठक मागच्या बाजूला इंच-दीड इंच खाली असते, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. त्यामुळे मांडीवरचं पाणी गुडघ्यांवरून पुढे वाहून जात नाही, ते उलटं पोटाकडे, जांघेकडे येतं आणि तिथून खाली गादीत मुरतं.

ही गादीच सगळ्या प्रश्नाची जड बाजू आहे. भिजलेली पँट घरी येऊन बदलता येते. पण मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला गादी ओली झालेली कळतच नाही. तो ऑफिसात पोचतो आणि तसाच आठ तास बसून राहतो. फोमची गादी पाणी धरून ठेवते. ओल्या कापडाखाली कातडी मऊ पडते, कापडाला चिकटते, आणि बुडाच्या हाडांवर आधीच सगळ्या अंगाचा भार असतो. दाब, ओल आणि घासणं एकत्र आलं की बेडसोर व्हायला वेळ लागत नाही. भरायला मात्र काही आठवडे, कधी कधी महिने लागतात, आणि तेवढा काळ त्या माणसाचं खुर्चीत बसणंच बंद होतं. नोकरी बुडते, शाळा बुडते. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे रोज कामावर जाणाऱ्या अशा माणसासाठी पायांवरचं पांघरूण ही चैन नाही.

माझा मावसभाऊ डोंबिवलीला राहतो. घरापासून स्टेशनपर्यंतचं अंतर तो स्वतः हाताने चाकं फिरवत कापतो. दोन पावसाळे त्याने दुचाकीवाल्यांचा रेनकोट घालून काढले. मग ओळखीच्या शिंपीकाकांना घेऊन बसलो आणि त्याच्यासाठी दोन भागांचं आवरण शिवून घेतलं. ते कसं बेतलं हे जरा सविस्तर सांगते, कारण कुणालाही मोजपट्टी घेऊन ते करता येईल.

पहिला निर्णय एक कपडा की दोन, हा होता. डोक्यावरून घालायचा आणि पायांपर्यंत उतरणारा अखंड झगा सगळ्यात सोपा. ज्याची खुर्ची दुसरं कुणी ढकलतं, त्याला तोच उत्तम. त्याची पुढची बाजू बोटांच्या पुढे जाईल इतकी लांब ठेवायची आणि मागची बाजू खुर्चीच्या पाठीवरून बाहेर वीतभर सोडायची, बुडाखाली घालायची नाही. पण स्वतः चाकं फिरवणाऱ्याचे दोन्ही हात सतत बाहेर हवेत. झग्याच्या कडा त्या हातांबरोबर पुढेमागे होतात, चाकाच्या तारांत जातात, आणि एकदा का कापड तारांत गुंडाळलं, की एका बाजूचं चाक अचानक अडून खुर्ची वळते. म्हणून भावासाठी वर आखूड जाकीट आणि खाली पायांचं वेगळं आवरण असं ठरलं.

जाकीट कमरेपर्यंतच, मागून आणखी आखूड, म्हणजे बैठकीला टेकेल न टेकेल इतकं. बाजारातल्या रेनकोटाचं वरचं जाकीट घेऊन ते खालून कापून घेतलं. पायांचं आवरण आतून छातीपर्यंत वर चढतं आणि जाकीट त्याच्यावरून खाली येतं. कौलारू छपरात वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, तसंच हे. उलटं केलं, म्हणजे जाकीट आवरणाच्या आत खोचलं, तर जाकिटावरचं सगळं पाणी सरळ पोटावर जातं. हे सांगायला सोपं वाटतं, पण घाईत घालताना पहिली चूक इथेच होते.

पायांच्या आवरणाची मापं बसलेल्या स्थितीतच घ्यायची, खुर्चीत, रोजचे बूट घालून. बेंबीच्या वरच्या जागेपासून मांडीपर्यंत आठ इंच भरलं. पोटापासून गुडघ्याच्या टोकापर्यंत अठरा. गुडघ्यावरून खाली, बुटाच्या टोकाला वळसा घालून वीस. एकूण शेहेचाळीस इंच, त्यात वरखाली दुमडण्यासाठी तीन मिळवले की एकोणपन्नास, म्हणजे सव्वा मीटर. रुंदीचा हिशेब बैठकीवरून. भावाची बैठक सोळा इंची आहे. दोन्ही बाजूंना कापड मांडीवरून खाली सोडायचं नाही, उलट हातटेकणीच्या आतल्या अंगाने वर चढवायचं आणि तिथे टिचबटणाने अडकवायचं. त्यासाठी प्रत्येक बाजूला सहा इंच. म्हणून रुंदी अठ्ठावीस. कडा अशा उभ्या राहिल्या की मांडीवर पन्हळीसारखी वाट तयार होते, पाणी बाजूने गादीवर सांडत नाही आणि कापड चाकापासून लांब राहतं. ज्यांच्या खुर्चीला हातटेकणी नाही, नुसता चाकाच्या आतला प्लास्टिकचा पत्रा आहे, त्यांनी त्या पत्र्याच्या वरच्या काठावर वेल्क्रो चिकटवून कड तिथे लावावी. कापड त्या काठाच्या बाहेर जाता कामा नये.

पण नुसती वाट केल्याने पाणी पुढे जात नाही, कारण उतार मागे आहे. त्यावरचा उपाय शिंपीकाकांनीच सुचवला आणि तो इतका साधा होता की मला फार आवडला. आवरणाखाली, पोटाजवळ, एक टॉवेल गुंडाळून ठेवायचा. साधारण चार इंच जाडीची वळकटी. बैठक मागे दीड इंच खाली आहे, तर चार इंचांच्या वळकटीमुळे पोटाकडची बाजू गुडघ्यापेक्षा अडीच इंच वर येते, आणि पाणी गुडघ्यांवरून खाली पळतं. वळकटी मऊच हवी. डबा, पुस्तकं, लॅपटॉप असलं काही संवेदना नसलेल्या मांडीवर ठेवून त्यावर कापड ताणलं, तर कडांचा दाब मांडीवर बसतो आणि तो कळत नाही. आणि कापड ताणलेलं राहिलं पाहिजे, नाहीतर दोन मांड्यांच्या मधल्या खळग्यात ते झोळीसारखं बसतं. तिथे पाण्याचं तळं साचतं आणि खुर्चीतून गाडीत किंवा पलंगावर सरकताना ते सगळं एकदम गादीवर ओतलं जातं. त्यासाठी खालच्या टोकाला दोन इलॅस्टिकचे फासे केले, ते पाय ठेवायच्या पट्टीच्या नळीला अडकतात. वाऱ्याने आवरण उडत नाही ते त्यामुळेच.

कापड म्हणून आतून पॉलियुरेथेनचा थर असलेलं नायलॉन घेतलं. छत्रीचं कापड याला पुरत नाही. छत्रीवर पाणी टिकत नाही, ते घरंगळतं. मांडीवर ते टिकतं, आणि हात किंवा पिशवी टेकली की दाबाने आरपार जातं. अशा कापडावर विक्रेते मिलिमीटरमध्ये एक आकडा सांगतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते आतून पाझरतं, याचा तो आकडा. दीड हजारांच्या खालचं कापड नळ सोडल्यासारख्या पावसात मांडीवर घेऊ नये. तीन हजारांचं मिळालं तर निर्धास्त. जाड प्लास्टिकचं म्हणजे पीव्हीसीचं कापड स्वस्त आहे आणि पाणीही अडवतं, पण जड असतं, घडी पडते तिथे चिरतं आणि आत घाम कोंडतो.

आवरण एकाच तुकड्याचं असावं आणि मांडीवर एकही शिवण येऊ नये, यासाठी मी हट्ट धरला होता. सुई जिथे जाते तिथे भोक पडतं, आणि कितीही चांगलं कापड त्या भोकांच्या रांगेतून गळतं. शिवणी फक्त पायांच्या टोकाशी ठेवल्या, जिथे बुटांसाठी खिशासारखा भाग आहे, आणि त्यांना आतून इस्त्रीने चिकटणारी पट्टी मारली. खिशाच्या तळाला दोन छोटी छिद्रं मुद्दाम ठेवली. पुढच्या लहान चाकांनी उडवलेला चिखल आणि वरून ओघळलेलं पाणी तिथे आलंच, तर ते बुटांभोवती साचू नये.

शिवून झालं की लगेच रस्त्यावर न्यायचं नाही. घरीच, मोरीत किंवा अंगणात, खुर्चीत बसून गादीवर आणि मांड्यांवर वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरायचे, वरून आवरण लावायचं आणि छातीवर तांब्याने हळूहळू बादलीभर पाणी सोडायचं. दहा मिनिटं तसंच बसायचं, हात चाक फिरवल्यासारखे पुढेमागे करायचे. मग आवरण काढून कागद पाहायचे. कुठला कागद भिजला त्यावरून गळती कुठे आहे ते लगेच कळतं. पोटाजवळचा भिजला तर जाकीट आणि आवरण यांची चढण कमी पडते आहे. मांडीच्या बाजूचा भिजला तर कड खाली पडली आहे. मधोमध भिजला तर कापडच पाझरतंय. भावाच्या आवरणात डाव्या बाजूची कड बटणातून सुटत होती. तिथे आणखी एक टिचबटण लावलं आणि काम झालं.

एवढं करूनही स्वतः खुर्ची चालवणाऱ्याचे हात भिजणारच. मोठ्या चाकाला लागून असलेली, हाताने ढकलायची कडी ओली झाली की हात घसरतो. उतारावर खुर्ची थोपवायची असते तेव्हा ते धोक्याचं आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, तळव्याला रबर लावलेले कामगारांचे हातमोजे यासाठी पुरेसे आहेत. चाकावरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वर चढतं, म्हणून जाकिटाच्या बाहीला घट्ट इलॅस्टिक हवं आणि हातमोजा बाहीच्या आत जायला हवा. आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. व्हीलचेअरचा ब्रेक टायरवर दांडी दाबून लागतो. टायर ओला असला की ही पकड ढिली पडते. पावसात उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर थांबू नये, खुर्ची आडवी करून थांबावं.

बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीचं गणित निराळं. तिथे चाकात कापड जाण्याची भीती कमी, पण उजव्या हाताशी दांडी असते जिने खुर्ची चालते. ओलं, जड झालेलं कापड त्या दांडीवर ओढलं गेलं तर खुर्ची आपोआप चालू लागते. त्यामुळे आवरण घालताना आणि काढताना आधी खुर्ची बंद करायची, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. दांडीवर पारदर्शक प्लास्टिकची सैल पिशवी घालून ती खालून रबराने बांधली की पाणी आत जात नाही आणि हातही दिसतो. झग्याला त्या जागी पारदर्शक खिडकी शिवून घेतली तर आणखी चांगलं.

टोपीकडे दुर्लक्ष होतं. रेनकोटाची टोपी मान वळवल्यावर मानेबरोबर वळत नाही, ती जागेवरच राहते आणि माणसाला टोपीचं अस्तर दिसतं. खुर्चीतल्या माणसाचे डोळे आधीच गाडीच्या बॉनेटपेक्षा थोडेच वर असतात, त्यातून बाजूचं दिसेनासं झालं तर रस्ता ओलांडणं जिवावर बेतू शकतं. आत क्रिकेटची टोपी घालून तिच्यावर रेनकोटाची टोपी मागून आवळून घ्यावी, म्हणजे दोन्ही एकत्र वळतात. आवरणाचा रंग काळा किंवा गर्द निळा नको. भावाचं भडक पिवळं आहे आणि गुडघ्याच्या खाली चमकणारी पट्टी शिवली आहे, कारण समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा सगळ्यात आधी तिथेच पडतो.

आता उकाड्याबद्दल. आपला पावसाळा थंड नसतो. कोकणपट्टीत जुलैतही हवा पंचवीस-अठ्ठावीस अंशांची आणि दमट असते. मणक्याची दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर त्या जागेच्या खाली शरीराला घाम येत नाही आणि उष्णता बाहेर टाकायची वाटच बंद होते. अशा माणसाला बंद झग्यात पंधरा-वीस मिनिटं ढकलत नेलं तर त्याचा चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, गरगरतं. बाकीचे समजतात की प्रवासाने दमला. त्यांच्या झग्याच्या पाठीला, वरून झडप घेतलेला जाळीचा भाग ठेवावा, काखेखाली शिवण उघडी सोडावी आणि छताखाली पोचल्याबरोबर झगा काढावा. गळ्याशी थोडं भिजलं तरी चालेल, कोंडलेली उष्णता चालणार नाही. मला विचाराल तर अशा व्यक्तीसाठी जाड, महागड्या कापडापेक्षा पातळ कापड आणि चांगली मोकळी हवा हेच मोलाचं.

हिवाळ्यात हेच उलट होतं. निफाडकडे किंवा महाबळेश्वरला पारा एक आकडी होतो तेव्हा दुखापतीखालच्या अंगाला थंडीने थरथर सुटत नाही, आणि थरथर ही शरीराची ऊब निर्माण करायची युक्ती असते. पायांचे स्नायू हलत नाहीत, त्यामुळे तिथे रक्ताचा खेळ आधीच मंद असतो. माणूस वर स्वेटर घालून ठीक दिसतो आणि पाय बर्फासारखे गार असतात. घरचे लोक मग मांडीवर शाल टाकतात. शाल मांडी आणि नडग्या झाकते, पण पोटऱ्या मागून उघड्याच राहतात, आणि खुर्ची पुढे चालते तेव्हा वारा खालून तिथेच लागतो. शालीच्या दशा पुढच्या छोट्या चाकांत गुंततात, हे वेगळंच. म्हणून पायांसाठी पिशवीसारखं पांघरूण लागतं. त्यात दोन्ही पाय बुटांसकट आत जातात, मागून ते गुडघ्याच्या लवणीपर्यंत येऊन थांबतं आणि पुढून पोटापर्यंत चढतं. मांडीखाली त्याचा कुठलाही भाग जाऊ नये. एक घडी, एक शिवण, एक बटण मांडीखाली आलं तरी तासाभरात तिथे लाल खूण उमटते. चेन लावायची ती पुढे, वरून खालपर्यंत उघडणारी, कारण ज्यांच्या पायाला लघवीची पिशवी बांधलेली असते त्यांना ती दिवसातून चार वेळा तपासावी, रिकामी करावी लागते. नळी कुठे मुडपली जात नाही ना, हेही पांघरूण घातल्यावर एकदा हात घालून पाहावं.

कापूस भरलेली गोधडी ऊब देते, पण जड आहे आणि ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. प्रवासाला फ्लीसचं कापड बरं, हलकं आणि धुऊन लवकर वाळणारं. घरात असलेली घोंगडी वापरायची तर तिच्याखाली पायजमा असू द्या. लोकर राठ असते आणि न जाणवणाऱ्या कातडीवर ती घासत राहते. पांघरुणात गरम पाण्याची पिशवी मात्र कधीच घालू नका. हातांना जेमतेम कोमट वाटणारी पिशवीसुद्धा संवेदना नसलेल्या पोटरीला तासभर चिकटून राहिली तर भाजते, आणि ते कळतं फोड आल्यावर. पाय गरम करायचे असतील तर पांघरूणच आधी उन्हात किंवा शेगडीपासून दूर धरून ऊन करावं, आणि पायांवर घालण्यापूर्वी ते आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं.

बाहेरून परतल्यावर दोन मिनिटांचं काम असतं आणि ते टाळता येत नाही. मांडीखाली हात सरकवून गादी चाचपायची. तळहाताला गारवा लागला तरी गादी ओली समजायची, खोळ काढून बदलायची. रात्री झोपण्यापूर्वी बुडाची कातडी आरशात किंवा मोबाइलवर फोटो काढून पाहायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला आणि अर्ध्या तासात विरला तर ठीक. दाबूनही लालच राहिला किंवा विरला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर बसायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. आवरण साध्या पाण्याने धुऊन सावलीत उलटं टांगायचं. ओलं घडी करून पिशवीत कोंबलं तर आतला पॉलियुरेथेनचा थर एक-दोन पावसाळ्यांत चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. तसं आवरण बाहेरून नवं दिसतं पण पाणी अडवत नाही. म्हणून दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस यायच्या आत, वर्तमानपत्राचे कागद पसरून ती तांब्या-बादलीची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. नापास झालं तर शिंप्याकडे जायला आठवडाभर हाताशी असतो.